अर्धं जावळ

आक्काताईंच्या घरात थर्मामीटर हा शब्द टोमणा म्हणून वापरला जायचा. गॅसवर चहा उतू गेला की दादासो म्हणायचे, "अंकिताला बोलवा, मीटर लावून बघंल ती." म्हशीनं वैरण सोडली की, "मीटर लावा." आणि ओसरीवर बसलेली माणसं हसायची. हसण्याला घरात कुणाची मनाई नव्हती. फक्त अंकितानं उलटून बोलायचं नाही एवढाच कायदा होता.

पलूसपासून पाचेक किलोमीटरवरचं गाव. घराच्या तिन्ही बाजूंना ऊस आणि चौथ्या बाजूला रस्ता. अंकिताचा नवरा जयराज फौजेत, सिक्कीमकडे कुठंतरी बर्फात. फोन लागला तर लागला, नाहीतर आठ-आठ दिवस नाही. घरात सासरे दादासो, सासू आक्काताई आणि सात महिन्यांची झालेली शर्वरी, म्हणजे सगळ्यांची चिमी.

टोमण्याचं मूळ दीड महिन्यापूर्वीचं. चिमी तेव्हा साडेपाच महिन्यांची होती. अचानक रात्री पाच-पाच, सहा-सहा वेळा उठायला लागली. उठायची, किरकिर करायची, मूठ तोंडात कोंबायची, लाळेनं झबलं भिजवायची, पाजलं की डुलकी घ्यायची आणि तासाभरात पुन्हा सुरू. अंग किंचित कोमट लागायचं. तीन रात्री अंकितानं अशा काढल्या की चौथ्या दिवशी तिला भाकरी कुठली आणि तवा कुठला ते कळेना. तिनं रडून घर डोक्यावर घेतलं. शेवटी शेजाऱ्याची जीप करून सगळी वरात सांगलीला गेली, लहान मुलांच्या डॉक्टर दीपाली मगदूम यांच्याकडे.

डॉक्टरबाईंनी चिमीचे कान बघितले, घसा बघितला, छातीला नळी लावली आणि हिरडीवरून बोट फिरवून हसल्या. दात येतायत, म्हणाल्या. झोपमोड होणार, चिडचिड होणार, लाळ गळणार. थोडे दिवस चालेल आणि जाईल. चावायला गार ओलं स्वच्छ फडकं द्या, स्वच्छ बोटानं हिरडी हलकी चोळा. दिवसा नीट पिते ना, खेळते ना, लंगोट ओले करते ना? मग काही नाही. दादासो बाहेरच्या बाकड्यावर हे ऐकत होते. जीपचं भाडं काढताना त्यांनी तोंड असं केलं की जणू दात त्यांचाच उपटलाय.

पण उठता उठता डॉक्टरबाईंनी अंकिताला थांबवलं होतं. आई पहिल्यांदा घाबरून आली म्हणजे पुढच्या वेळी यायला लाजते, हे त्यांना ठाऊक असावं. त्यांनी थर्मामीटर कसा लावायचा ते दाखवलं आणि म्हणाल्या, "दातानं अंग कोमट होतं. शंभरावर चार ठिपके, म्हणजे शंभर पॉइंट चारच्या वर ताप गेला तर तो दातांचा नाही, दुसऱ्या कशाचा तरी आहे, आणि एवढ्या लहान बाळाला तो दाखवायचा. आणि एक लक्षात ठेवा. दात झोप उडवतात, झोप आणत नाहीत. रात्रभर रडणाऱ्या मुलाला घाबरू नका. रडायचं थांबलेल्या, पाजायला उठवूनही न उठणाऱ्या मुलाला घाबरा. तेव्हा वेळ बघू नका, मला फोन करा."

अंकितानं परतताना मेडिकलमधून थर्मामीटर घेतला. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दुधाचे खाडे आणि ऊसतोडीच्या टोळीच्या तारखा होत्या, त्यांच्या शेजारी ती बारीक अक्षरात लिहायला लागली. किती वेळा उठली, किती वेळा प्याली, किती लंगोट ओले, अंग किती. आठवड्यानं खालचे दोन दात तांदळाच्या कणीसारखे वर आले आणि चिमी पुन्हा शहाण्यासारखी झोपायला लागली. गावात मात्र नाव पडलं ते पडलं. पारावर दादासोंना कुणी विचारलं की सांगलीला कशाला गेलता, तर ते सांगायचे, "दात मोजाय गेलतो. दोन निघालं."

हसत नव्हत्या त्या फक्त आक्काताई. दात हा विषय त्यांना हसण्यावारी न्यायचा नव्हता. जयराजच्या आधी त्यांना मुलगी झाली होती, मंगल. आठ महिन्यांची असताना गेली. घरात त्याचं एकच वाक्य होतं, ते अंकिता लग्न होऊन आल्यापासून ऐकत होती: मंगल दातावर गेली. त्यामुळे चिमीच्या हिरडीवर पांढरा ठिपका दिसला की आक्काताईंचा जीव थाऱ्यावर राहायचा नाही. पण त्यांची भीती डॉक्टरकडे वळायची नाही, ती धोंडुबाईकडे वळायची. धोंडुबाई म्हणजे गावातल्या प्रत्येक बाळाला न्हाऊ घालणारी, चोळणारी, सहाणेवर गुटी उगाळून देणारी म्हातारी. तिच्या हाताखालून गेली नाही अशी गावात एक पिढी नाही. दात शांत करायचे तर मुलाला झोपवायचं, असं तिचं शास्त्र.

चिमीचं जावळ शुक्रवारी काढायचं ठरलं. गावाबाहेर लक्ष्मीआईचं देऊळ, तिथं लिंबाखाली पहिले केस उतरवायचे, मग दोन बोकडांचं जेवण. अडीचशे माणूस सांगितलेलं. मामाच्या मांडीवर बसवून जावळ काढतात, म्हणून अंकिताचा थोरला भाऊ धैर्यशील पाचगणीहून येणार होता. तो तिकडं पर्यटकांची गाडी चालवतो आणि मोसमात चार वाफे स्ट्रॉबेरी करतो.

बुधवारी संध्याकाळी चिमीचं अंग तापलं. अंकितानं मीटर लावला, एकशे एक. कॅलेंडरवर लिहिलं. गुरुवारी सकाळी एकशे दोन. डॉक्टरांनी वजन बघून ठरवून दिलेलं तापाचं औषध पाजलं की उतरायचा, पाच-सहा तासांनी पुन्हा चढायचा. सर्दी नाही, खोकला नाही. लघवीला मात्र उग्र वास येत होता. अंकितानं तसं सांगितलं तर आक्काताई म्हणाल्या की दात येताना असंच असतं, वरचे दात येतायत, वरचे जड जातात. अंकिता म्हणाली की आजच सांगलीला जाऊन येऊ. दादासोंनी ताटावरून मान वर केली. "परत दात मोजायला? उद्या दाराशी अडीचशे माणूस हाय, आन् तू आज पोरगीला घिऊन भटकत बसणार? जावळ होऊ दे, शनवारी बघू."

इथं अंकिता चुकली, आणि ही चूक तिनं नंतर कुणावर ढकलली नाही. शंभरावर चार ठिपके तिला पाठ होते. डॉक्टरांचा नंबर फोनमध्ये होता. पण तिला ते पारावरचं हसणं आठवलं आणि तिनं तोंड मिटून घेतलं. माणूस आगीला भितो त्याहून जास्त हसण्याला भितो. शनिवारी तर शनिवारी, असं स्वतःला समजावून ती बोकडाच्या मसाल्याचं खोबरं भाजायला बसली.

गुरुवारी रात्री चिमी किरकिरत होती. मध्यरात्रीनंतर आक्काताई आल्या आणि म्हणाल्या, "दे इकडं, तू पड जरा. उद्या उभं ऱ्हायाचं हाय." अंकिता मेल्यासारखी झोपली. पहाटे उठली तर चिमी सासूजवळ गाढ झोपलेली. बघून तिला बरंच वाटलं. दोन दिवसांनी पोरगी झोपली, असं वाटून तिनं आक्काताईंना मनातल्या मनात हात जोडले.

सात वाजले, चिमी झोपलेलीच. आठला अंकितानं तिला पाजायला घेतलं. तिनं तोंड लावलं, दोन घोट घेतले आणि सोडून दिलं. लंगोट कोरडा. नऊ वाजता लंगोट कोरडाच. अंकितानं मीटर शोधला तर तो कॅलेंडरमागच्या खिळ्यावरून गायब. आजच्या दिवशी घरात ते अपशकुनी यंत्र नको म्हणून दादासोंनी कुठंतरी ठेवून दिला होता. ती सासूला म्हणाली, "आत्या, चिमी लय झोपतीया." आक्काताई पाहुण्यांना टोप्या-टॉवेल मोजून काढत होत्या. त्यांनी वळूनही न बघता उत्तर दिलं आणि ते उत्तर ओसरीवरच्या पाचपंचवीस बायकांनी ऐकलं. "बाई, झोपत न्हाई म्हणून सांगली गाठलीस. आता झोपतीया म्हणून बी रडायलीस. तुला नेमकं पायजे तरी काय?"

बायका हसल्या. त्यात वाईट कुणी नव्हतं, सगळ्या पोराबाळांच्या होत्या. वाक्य मात्र अंकिताच्या कानात अडकून बसलं, कारण त्याच वाक्याचं उत्तर दीड महिन्यापूर्वी कुणीतरी तिला देऊन ठेवलं होतं. दात झोप उडवतात, झोप आणत नाहीत. तिनं कपाटं उपसली, पिठाचे डबे उपसले, आणि थर्मामीटर सापडला तो दादासोंच्या फेट्याच्या पेटीत. तो ब्लाउजमध्ये खोवून ती देवळाकडं निघाली, कारण तोवर मुलीला नवं झबलं घालून वाजत-गाजत पुढं नेलंही होतं.

लिंबाखाली धैर्यशील पाटावर मांडी घालून बसला होता. मांडीवर चिमी. शेजारी आक्काताई पदर पसरून, कारण जावळाचा केस जमिनीवर पडू द्यायचा नसतो. अमृत न्हावी वाटीतल्या पाण्यात बोटं बुडवून चिमीचं डोकं भिजवत होता. मामानं कात्रीनं पहिली बट कापली. हलगी वाजली. मग अमृतनं वस्तरा धरला आणि उजव्या कानापासून वर केस उतरवायला सुरुवात केली.

चिमी रडली नाही. तिची मान मामाच्या दंडावर पडली होती, डोळे अर्धवट मिटलेले. बायका कौतुक करायला लागल्या. काय गुणाची पोरगी, बापावर गेलीया, फौजीची लेक. धोंडुबाई सगळ्यांत पुढं बसली होती, तिचा चेहरा तर आपण दिलेल्या औषधाला गुण आल्यासारखा फुलला होता. अर्धं डोकं झालं. अमृतनं वस्तरा पुसला, पुन्हा टेकवला आणि तसाच उचलला. त्यानं पोरीच्या टाळूवर बोट ठेवलं. मग मान वर करून त्या गर्दीत अंकिताला शोधलं.

"वैनी," तो हळूच म्हणाला, "वीस वर्सं जावळं काढतोय. बामणाची काढली, धनगराची काढली. न रडणारं पोर मी अजून बघितलं न्हाई. आन् टाळू लय खोल गेलीया."

अंकितानं हलगीवाल्याला थांब म्हटलं नाही. ती सरळ पाटापाशी गेली, चिमीच्या काखेत मीटर धरला आणि उभी राहिली. हलगी आपोआप थांबली. एवढ्या माणसांत त्या यंत्राचा टीं-टीं आवाज सगळ्यांना ऐकू गेला. एकशे तीन पॉइंट चार. तिनं चिमीच्या तळव्याला चिमटा घेतला. पोरीनं पाय थोडासा ओढला, तोंड वाकडं केलं आणि पुन्हा मान टाकली. हुंदका नाही, किंकाळी नाही.

"दादा, गाडी काढ."

धैर्यशीलनं तिच्याकडं बघितलं, मग दादासोंकडं बघितलं. पाहुण्याच्या गावात पाहुण्याची मर्जी, हे त्याच्या हाडीमाशी खिळलेलं. दादासो पुढं आलेच. अर्धं जावळ ठेवून पोर उठवायचं नाही, म्हणाले. देवीच्या दारातून अर्ध्या डोक्याची पोर नेली तर घराला लागतं. दहा मिनिटांचं काम आहे, अमृत उरकून घेईल, मग खुशाल जा. गर्दीतल्या चार पांढऱ्या मिशा हलल्या. खरं आहे, दहा मिनिटांनी काय होतंय.

अंकितानं डोक्यावरचा पदर सावरला. आवाज चढवला नाही. आजवर या घरात तिनं कुणावर आवाज चढवला नव्हता, तो आजही चढवायची गरज तिला वाटली नाही.

"आबा, जावळ उरलं तर उरू दे. पोरगी उरली पायजे. आन् घराला काय लागायचं आसंल ते मला लागू दे, मी हिथंच हाय. हसायचं आसंल तर हसा. मागल्या टायमाला मी उगाच गेलते, हे बी सगळ्यास्नी सांगा. ह्या टायमाला बी उगाच ठरलं तर मी ढोल लावून परत येईन."

तिनं चिमीला उचललं. नव्या झबल्यावर बायकांनी गुंडाळलेली शाल काढून तिथंच पाटावर टाकली. धैर्यशील उठला. आणि गाडीचं मागचं दार उघडलं तेव्हा तिथं अंकिताच्या आधी आक्काताई आत सरकल्या होत्या. पदरात केस तसेच होते. कुणी बोलावलं नव्हतं. विचारायला वेळ नव्हता.

भिलवडी येईतो तिनं डॉक्टर मगदूमना फोन लावला. डॉक्टरबाईंनी नमस्कार-चमत्कार न करता विचारायला सुरुवात केली. ताप किती, किती दिवस. शेवटची लघवी कधी. पिते का. श्वास जोरात चाललाय का, छाती आत ओढली जातेय का. ओठ निळे आहेत का. अंगावर लाल-जांभळे ठिपके, झटका, उलट्या? अंकिता एकेकाचं उत्तर देत गेली. कॅलेंडरचं पान तिनं कधी फाडून चोळीत घातलं होतं ते तिलाही आठवत नव्हतं, पण आकडे त्यावरून वाचत गेली. डॉक्टर म्हणाल्या, सरळ इकडं या. नीट जागी होत नसेल तर तोंडानं आता काही पाजू नका, औषधसुद्धा नाही, ठसका लागेल. अंगावर फार कपडे ठेवू नका. झटका आला किंवा ओठ निळे पडले तर माझी वाट बघू नका, रस्त्यात जे पहिलं हॉस्पिटल लागेल तिथं शिरा.

पुढं उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रांगेनं कारखान्याकडं चालले होते. धैर्यशील पाचगणीच्या घाटात गाडी चालवणारा माणूस. त्यानं दिवसाढवळ्या दिवे लावले, हॉर्नवरचा हात उचलला नाही आणि साइडपट्टीवरून धूळ उडवत गाडी काढली. अंकिता दर दोन मिनिटांनी चिमीच्या पायाला टिचकी मारत होती. पाय हलला की एक श्वास घ्यायची. आक्काताई खिडकीकडं बघत बसल्या होत्या.

सांगलीत दवाखान्यात चिमीला टेबलावर ठेवलं तेव्हा नर्सनं त्या अर्ध्या डोक्याकडं एकदा बघितलं आणि कामाला लागली. मनगटात सुई गेली. बोटाला टोचून साखर बघितली. डॉक्टरांनी मान वाकवून बघितली, टाळू बघितली, पोट दाबून बघितलं. बारीक नळी घालून लघवीचा नमुना घेतला. आला तो चमचाभर, गढूळ. सलाइन सुरू झालं. मग डॉक्टर वळल्या आणि म्हणाल्या, "ताप आणि पाणी कमी पडणं, एवढ्यानंही बाळ मलूल होतं. पण ही जरा जास्तच गुंगीत आहे. काही दिलंय का हिला? मी रागवणार नाही. मला फक्त खरं सांगा, त्यावर औषध ठरतं."

अंकिता नाही म्हणायच्या बेतात होती. मागून आवाज आला.

"जायफळ," आक्काताई म्हणाल्या. "मधात उगाळून. धोंडुबाईनं सहाणेवर दोन वेढं सांगितलं हुतं. रातीला मी पाच दिलं. पहाटं जरा हलली, तवा आनि पाच."

अंकितानं सासूकडं बघितलं. त्या क्षणी तिला त्यांचा गळा धरावासा वाटला, हे खोटं कशाला सांगायचं. डॉक्टरांनी नर्सला काहीतरी सांगितलं, छातीला तारा लावायला लावल्या. वर्षाच्या आतल्या बाळाला मध नको आणि जायफळ तर नकोच, त्यानं मूल झोपत नाही, गुंगतं, एवढं एका दमात म्हणाल्या. आणि त्या गुंगीखाली खरं दुखणं झाकून जातं.

तासाभरात लघवीचा पहिला रिपोर्ट आला. पूच पू. जंतू मूत्रमार्गातून वर मूत्रपिंडापर्यंत चढल्याची शंका होती. अगदी लहान बाळांना, मुलींना विशेष, सर्दी-खोकला नसताना नुसता ताप येतो तेव्हा हे बघावंच लागतं. पक्कं कुठला जंतू ते दोन दिवसांनी कळणार, पण औषध आत्ताच शिरेतून सुरू करायचं. संध्याकाळपर्यंत वाट बघितली असती तर काय, असं धैर्यशीलनं विचारलं. डॉक्टर चिमीच्या सलाइनचे थेंब मोजायला लागल्या.

रात्री दोन वाजता चिमी रडली. साधीसुधी नाही. आधी कण्हली, मग तिनं डोळे उघडले, मनगटावरची पट्टी बघितली आणि असा टाहो फोडला की शेजारच्या खाटेवरचं बाळ जागं झालं, त्याची आई जागी झाली, बाहेर बाकड्यावरचा धैर्यशील धावत आला. अंकिता तिला छातीशी धरून हसत होती आणि नाकाडोळ्यांतून पाणी गाळत होती. डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं तसं नर्सनं बघितलं, पाजायला हरकत नाही म्हणाली. चिमी प्याली, सोडलं, पुन्हा रडली. शेजारची बाई वैतागून म्हणाली की गप करा की जरा लेकराला.

"रडू दे," आक्काताई म्हणाल्या. "तुमी कापूस घाला कानात."

सकाळी डॉक्टर राउंडला आल्या. ताप शंभरावर आला होता, लंगोट दोनदा ओला झाला होता. त्या निघाल्या तशा आक्काताई दारापर्यंत त्यांच्या मागं गेल्या. तिथं उभ्या राहून त्यांनी विचारलं, "बाई, माझी मंगल आठ म्हयन्याची हुती. तीन दीस ताप. मग अशीच झोपली, निवांत. आमाला वाटलं दात शांत झालं. ती दातानंच गेली न्हवं?"

डॉक्टरबाईंनी हातातली फाइल बगलेत धरली. "आजी, इतक्या वर्षांनी तिला काय झालं होतं ते मी सांगू शकत नाही. कुणीच नाही. पण दातानं मूल जात नाही."

आक्काताई परत येऊन खाटेच्या पायथ्याशी बसल्या. पदराच्या गाठीत जावळाचे केस अजून तसेच बांधलेले होते. त्या गाठीवरून हात फिरवत बसल्या आणि दुपारपर्यंत पाण्याचा घोटही घेतला नाही. अंकिताचा राग गेला नव्हता. पण तिनं त्यांना चहा आणून दिला आणि त्या पिईपर्यंत समोर उभी राहिली.

सहाव्या दिवशी घरी सोडलं. औषध पुरं दहा दिवसांचं, मूत्रपिंडाची सोनोग्राफी चांगली निघालेली, पुन्हा ताप आला तर लगेच लघवी तपासायची असं कागदावर लिहून दिलेलं. धैर्यशीलच्या गाडीतून सगळी उतरली तेव्हा ओसरीवर माणसं जमली होती. चिमीच्या उजव्या बाजूला खुरटं खुंट आणि डाव्या बाजूला काळंभोर जावळ. दादासोंनी आधीच टोपी आणून ठेवली होती, ती त्यांनी पुढं केली. लोकं बघतायत, म्हणाले. परवा चांगला दिवस आहे, अमृतला सांगून उरलेलं उरकू.

"टोपी नगं," आक्काताई म्हणाल्या. "लोकं बघू द्या की. मी सांगन तवा काढायचं जावळ."

घरात त्या नवऱ्याला असं आजवर कधी बोलल्या नव्हत्या. दादासो टोपी हातात घेऊन उभे राहिले. ओसरीच्या कडेला धोंडुबाई काठीवर हनुवटी टेकून बसली होती. ती म्हणाली, आणि वाईट हेतूनं म्हणाली नाही, की दात लय वाईट गं बाई, तुझी मंगल बी दातावरच गेली.

आक्काताईंनी नातीला कडेवर घेतलं. चिमी किरकिरत होती, त्यांच्या साखळीचं टोक हिरडीनं चावत होती, वरचे दात आता खरंच येत होते. त्या बोलल्या तेव्हा ओसरीवर सगळ्यांना ऐकू जाईल अशा बोलल्या.

"दातावर न्हाई गेली. ती झोपली हुती, आन् आमी उठवली न्हाई."

धोंडुबाईनं काठी उचलली, पण उठली नाही. आक्काताई आत गेल्या, देव्हाऱ्याखालची सहाण आणि जायफळाची पुडी उचलून त्यांनी म्हातारीच्या पदरात घातली. मग अंकिताला हाक मारून म्हणाल्या, "मीटर लाव गं. किती हाय बघ."

नव्व्याण्णव पॉइंट दोन होतं. अंकितानं ते नव्या महिन्याच्या पानावर लिहिलं. त्या रात्री चिमी चार वेळा उठली, आणि चारही वेळा दादासोंच्या खोलीतून कुरकुर ऐकू आली, आणि चारही वेळा आक्काताईंनी अंधारातून उत्तर दिलं की हे दाताचं हाय, झोपा तुमी.